पीजीचं वायफाय दर तासाला ‘स्लो’ होतं, स्पीड टेस्ट मात्र छान येते. नक्की काय बघू?

रेवा_कर्वेनगर · सोमवार, रात्री ११:४०

मी पुण्यात कर्वेनगरला मुलींच्या पीजीत राहते. वायफाय भाड्यातच आहे. प्रत्येकीला वेगळं युजरनेम आणि पासवर्ड दिलाय. वायफायला जोडलं की लॉगिनचं पान उघडतं, तिथे ते टाकायचं. संध्याकाळी सातनंतर मी लॅपटॉपवर एक ऑनलाइन कोर्स करते आणि रोज तेच रडगाणं. व्हिडिओ मस्त चालू असतो, मग गोल फिरायला लागतो. वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं असतं. व्हॉट्सॲपवर मेसेजशेजारी घड्याळ दिसत राहतं. वायफाय बंद करून परत चालू केलं, परत लॉगिन केलं की सगळं ठीक. तेव्हा स्पीड टेस्ट केली तर १८ ते २० एमबीपीएस दाखवते. मालकांना सांगितलं तर ते म्हणतात, “बघ, वीस येतंय की!” खरंच येतंय, त्यामुळे मला पुढे काही बोलताच येत नाही. काल कोर्सची चाचणी अर्ध्यात गेली, रडायला आलं होतं.

हे स्लो आहे की दुसरंच काही?

मंदार_सातारा · सोमवार, रात्री ११:५८

शंभर टक्के चॅनलची गर्दी. पीजीत सगळे २.४ गिगाहर्ट्झवर असतात, शेजारच्या बिल्डिंगचे राउटरही त्याच चॅनलवर. ५ गिगाहर्ट्झवर जा. आणि डीएनएस बदलून 8.8.8.8 टाक. मी हॉस्टेलला होतो तेव्हा तेवढं केलं की लगेच फास्ट व्हायचं.

नाशिकचे_काका · मंगळवार, सकाळी ७:१५

आमच्याकडेही हीच परिस्थिती. टॉवर लांब आहे, पाऊस आला की दोन कांड्या राहतात. सिम दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून घ्यावं, काही दिवसांत काम होतं. मुलीने आधी गच्चीवर जाऊन रेंज तपासावी.

रेवा_कर्वेनगर · मंगळवार, सकाळी ८:०२

काका, मोबाइल डेटा बरा चालतो माझा. प्रश्न वायफायचा आहे. @मंदार, डीएनएस बदलून बघितलं. बदलल्यावर खरंच चाललं! पण साधारण तासाभराने परत तेच.

तारजोड · मंगळवार, सकाळी ९:३०

रेवा, मी आठ-नऊ वर्षं पीजी, हॉस्टेल आणि अभ्यासिकांमध्ये हीच जोडणी करत आलोय. तुझ्या पोस्टमधलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे “वायफाय बंद करून परत चालू केलं, परत लॉगिन केलं की सगळं ठीक.” गर्दीमुळे मंद झालेलं नेट बंद-चालू केल्याने असं एकदम सुधारत नाही. गर्दी तिथेच असते.

होतं असं. वायफायची जोडणी आणि लॉगिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉगिनची मुदत संपली तरी वायफाय तुटत नाही, चिन्ह भरलेलंच राहतं. राउटर फक्त तुझी रहदारी बाहेर सोडायचं थांबवतो. लॅपटॉपला ते लगेच कळत नाही. तो लॉगिनच्या पानाची चौकशी प्रामुख्याने जोडणी होताना करतो. मधेच मुदत संपली तर ब्राउझर आणि ॲप्स आपले परत परत प्रयत्न करत राहतात, आणि आपल्याला दिसतो फिरणारा गोल. तू वायफाय बंद-चालू केलंस की नवी चौकशी होते, लॉगिनचं पान येतं, तू लॉगिन करतेस, चालतं. स्पीड टेस्ट तू त्यानंतर करतेस, म्हणून ती नेहमी चांगलीच येणार. मंदारने डीएनएस बदलल्यावर फास्ट व्हायचं त्याचंही कारण बहुधा हेच. सेटिंग बदलताना जोडणी एकदा तुटून परत झाली असणार आणि त्याने परत लॉगिन केलं असणार.

मालक राउटरचं बटण बंद-चालू करतात आणि “झालं नीट” म्हणतात, तिथेही तेच घडतं. सगळ्यांची लॉगिन पुसली जातात, सगळे नव्याने आत येतात.

पण हा माझा अंदाज झाला. तपासायला सोपं आहे. पुढच्या वेळी अडकलं की वायफायला हात लावू नकोस. लॅपटॉपवर कमांडची खिडकी उघड आणि हे टाक:

```
curl.exe -i -m 10 http://connectivitycheck.gstatic.com/generate_204
```

हा पत्ता अँड्रॉइड फोन स्वतः वापरतात, नेट खरंच बाहेर जातंय का ते पाहायला. पहिल्या ओळीत `204` आलं तर तू आत आहेस, मग मंदपणाचं कारण वेगळं. `302` आलं आणि खाली `Location:` पुढे तुमच्या लॉगिन पानाचा पत्ता दिसला, तर तुला बाहेर काढलेलं आहे. काहीच न येता दहा सेकंदांनी थांबलं, तर तेही लिहून ठेव.

दर वेळची वेळ लिही. लॉगिन किती वाजता केलंस, अडकलं किती वाजता. तीन-चार संध्याकाळी पुरेत.

मंदार_सातारा · मंगळवार, सकाळी १०:०५

तसंही असू शकतं. पण आमच्या हॉस्टेलला लॉगिनचं पान कधीकधी यायचंच नाही, कितीही बंद-चालू केलं तरी. मग?

तारजोड · मंगळवार, सकाळी १०:४०

त्याची नेहमीची दोन कारणं. एक म्हणजे तू ब्राउझरमध्ये `https` चं पान उघडत असणार. सुरक्षित जोडणीच्या मधे राउटर स्वतःचं पान नीट घुसवू शकत नाही. घुसवलंच तर ब्राउझर प्रमाणपत्राची तक्रार करतो, आणि ती बरोबरच आहे. त्यामुळे `http://neverssl.com` सारखं साधं पान उघडायचं, लॉगिनचं पान तिथे येतं. दुसरं कारण म्हणजे हातानं बदललेलं डीएनएस. अँड्रॉइडमध्ये `Private DNS` ला एखादं नाव टाकून ठेवलं असेल तर लॉगिन होण्याआधी त्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही, मग ब्राउझर कुठलंच पान शोधू शकत नाही. ते `Automatic` वर ठेवावं. 8.8.8.8 चं म्हणशील तर काही राउटर ते गुपचूप स्वतःकडे वळवून घेतात, तिथे फरक पडत नाही. जे वळवत नाहीत तिथे लॉगिनचं पान अडू शकतं. म्हणून पीजीत ही सूचना मी कुणाला देत नाही.

ऑफिसचं व्हीपीएन आपोआप सुरू होत असेल तर तेही आधी बंद करायचं, लॉगिन झाल्यावर लावायचं.

रेवा_कर्वेनगर · गुरुवार, रात्री ११:२०

तीन संध्याकाळी लिहून काढलं. आधी निळ्या खिडकीत नुसतं curl टाकलं तर भलतीच लाल चूक आली, मग तुमचं परत वाचलं आणि `curl.exe` टाकलं, चाललं. बुधवारचं देते, बाकीचे दिवस असेच आहेत:

लॉगिन ७:१०, अडकलं ८:१०.
लॉगिन ८:१४, अडकलं ९:१४.
लॉगिन ९:१६, जेवून आले ९:४१ ला, अडकलेलंच होतं.
लॉगिन ९:५०, अडकलं १०:५०.

दर वेळी `302`, आणि खाली `Location: http://10.5.50.1/login` ने सुरू होणारी लांबलचक ओळ. म्हणजे दादा, तुमचं खरं निघालं. मिनिटांचं गणित बघून मी नुसती बघतच राहिले. तीन महिने मी नेटला नावं ठेवत होते.

फक्त ९:४१ चं कळत नाही. तेव्हा तास कुठे झाला होता? आणि परत लॉगिन करायला गेले तर लाल अक्षरात काहीतरी इंग्रजी वाक्य आलं, घेतलंच नाही. पाच-सात मिनिटांनी घेतलं.

तारजोड · शुक्रवार, सकाळी ८:५०

बरोबर साठ मिनिटं, तीनदा. वापर चालू असो की नसो, लॉगिनपासून तास झाला की बाहेर. याला सेटिंगमध्ये `session-timeout` म्हणतात. `10.5.50.1` हा पत्ता मिक्रोटिक राउटरचं हॉटस्पॉट उभं करताना आपसूक येतो, त्यामुळे तुमच्याकडे बहुतेक तोच डबा आहे. त्यात ही मुदत मुळात नसते. म्हणजे कुणीतरी मुद्दाम एक तास टाकलाय.

९:४१ साठी मला दोन गोष्टी सांग. लाल अक्षरांत `no more sessions are allowed for user` असं काही होतं का? आणि जेवायला जाताना लॅपटॉपचं झाकण लावलं होतंस का, फोन बरोबर होता का?

रेवा_कर्वेनगर · शुक्रवार, दुपारी १:३०

हो, `no more sessions` हेच होतं! झाकण लावलं होतं. फोन बरोबर होता, मेस खालीच आहे, तिथेही हेच वायफाय येतं. फोनवर लॉगिनचं पान आलं, पासवर्ड सेव्ह आहे म्हणून नुसतं बटण दाबलं. पण आम्हाला दोन उपकरणांची परवानगी आहे, माझी दोनच आहेत.

थांबा. माझ्या रूममेटचा पासवर्ड चालत नव्हता तेव्हा तिच्या फोनवर मी माझं लॉगिन करून दिलं होतं. दिवाळीच्या आधी. ते तसंच आहे!

तारजोड · शुक्रवार, दुपारी २:१०

मग जुळलं सगळं. तुझ्या नावावर दोन जागा. एका जागेवर रूममेटचा फोन, दुसरीवर तुझा लॅपटॉप. तू झाकण लावलंस, लॅपटॉप झोपला. राउटर अधूनमधून उपकरणाला हाक मारून बघतो, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही तर ते गेलं असं धरून जागा मोकळी करतो. त्याचं नाव `keepalive-timeout`, मुळातली किंमत २ मिनिटं. मोकळी झालेली जागा खाली मेसमध्ये तुझ्या फोनने घेतली. तू वर येऊन झाकण उघडलंस तर जागाच शिल्लक नव्हती. पाच-सात मिनिटांनी तुझा फोन टेबलावर झोपला, त्याने हाकेला उत्तर दिलं नाही, त्याची जागा सुटली आणि लॅपटॉप आत गेला. तुला वाटलं आपोआप नीट झालं.

मिक्रोटिक असा नव्या उपकरणाला दारात अडवतो. काही दुसऱ्या कंपन्यांची यंत्रणा उलटं करते, नव्याला आत घेते आणि सगळ्यात जुन्याला हाकलते. तिथे ओळखणं अवघड जातं, कारण लाल अक्षरं येत नाहीत. फोन खिशातून काढला की लॅपटॉपवरची मीटिंग अडकते, लॅपटॉपवर लॉगिन केलं की फोन मरतो, आणि माणूस दोन्हीकडे नेट स्लो म्हणत राहतो.

रूममेटच्या फोनवर `http://10.5.50.1/logout` उघडून तिला बाहेर काढ. तिचा पासवर्ड मालकांकडून नवा करून घ्या. तुझ्यासाठी `http://10.5.50.1/status` ही खूण ब्राउझरमध्ये जतन करून ठेव. आत असशील तर तिथे किती वेळ झाला आणि किती उरला ते दिसतं. चाचणीला बसण्याआधी तिथूनच बाहेर पडून परत आत यायचं, पूर्ण तास हातात मिळतो.

पूर्वा_बेंगळुरू · शुक्रवार, रात्री ९:०५

माझं थोडं वेगळं आहे. इथल्या पीजीतही दोनच उपकरणं चालतात, पण आमच्याकडे एकदा नोंदलेलं उपकरण परत लॉगिन मागत नाही. माझ्या आयफोनवर दर काही दिवसांनी “उपकरणांची मर्यादा संपली” असं येतं. फोन तोच, लॅपटॉप तोच. पीजीच्या ऑफिसात सांगून जुनी नोंद काढून घ्यावी लागते. त्यांच्या यादीत माझ्या नावावर अनोळखी पत्ते दिसतात म्हणतात, आणि मी पासवर्ड वाटते असा संशय घेतात. फार अपमान वाटतो.

तारजोड · शुक्रवार, रात्री १०:१५

तू वाटत नाहीयेस. तुमची यंत्रणा उपकरण मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या वायफायच्या ओळख क्रमांकावरून ओळखते, आणि आयफोन तो पत्ता बदलतोय. वायफायच्या नावासमोरच्या वर्तुळातल्या `i` वर जा, `Private Wi-Fi Address` बघ. तिथे `Rotating` असेल तर साधारण दोन आठवड्यांनी पत्ता नवा होतो, आणि यंत्रणेच्या लेखी तो नवा फोन. वायफायलाच पासवर्ड नसेल, फक्त लॉगिनचं पान असेल, तर आयओएस १८ पासून आयफोन अशा उघड्या जाळ्यावर आपणहून `Rotating` निवडतो. `Fixed` कर. अगदी `Off` करायची गरज नाही. `Fixed` मध्येही खरा पत्ता लपलेला राहतो, फक्त या एका वायफायपुरता तो कायम राहतो. मग एकदाच सांगून जुन्या नोंदी काढून घे.

विंडोजवाल्यांनी `Random hardware addresses` बघावं, तिथे रोज बदलण्याचाही पर्याय असतो. अँड्रॉइडचा बदललेला पत्ता सहसा एका वायफायसाठी कायम राहतो, त्याचा एवढा त्रास होत नाही.

पूर्वा_बेंगळुरू · शनिवार, सकाळी ८:३०

`Rotating` च होतं. `Fixed` केलं. पण दोन आठवड्यांचं म्हणता, मला कधीकधी चार दिवसांतच येतं. नोंदी काढून घेते आणि बघते.

कोथरूडचा_घरमालक · शनिवार, सकाळी ११:००

मी स्वतः अठरा खोल्यांचं पीजी चालवतो, म्हणून मालकांची बाजू सांगतो. एक तासाची मुदत आम्ही हौसेने ठेवत नाही. सोडून गेलेली मुलं खाली पार्किंगमध्ये बसून नेट वापरायची. एकाच्या लॉगिनवर सात-आठ उपकरणं सापडली होती. कुणी काही भलतंसलतं केलं तर विचारणा माझ्याकडे येते, जोडणी माझ्या नावावर आहे. मग नेटवाल्याने सांगितलं की तास लावा, दोन उपकरणं लावा. मुलांना त्रास होतो हे मला खरंच माहीत नव्हतं. मीही “वीस येतंय की” हेच म्हणत आलोय.

तारजोड · शनिवार, दुपारी १२:२०

साहेब, तुमची काळजी रास्त आहे, पण तासाच्या मुदतीने ती मिटत नाही. सोडून गेलेल्या मुलाचं युजरनेम चालू असेल तर तो पार्किंगमध्ये दर तासाला परत लॉगिन करेल. त्याला फक्त त्याचं युजरनेम काढून टाकणं हाच उपाय. अनामत परत देता त्याच दिवशी नेटवाल्याला एक मेसेज करायचा. सात-आठ उपकरणांना उपकरणांची मर्यादा पुरेशी आहे, ती जरूर ठेवा, फक्त आजकाल फोन, लॅपटॉप आणि एक टॅब धरून तीन ठेवा.

तुमच्या नेटवाल्याला एवढं सांगा: `session-timeout` १२ तास, `keepalive-timeout` १५ मिनिटं, `shared-users` ३. `keepalive-timeout` फार वाढवू नका, नाहीतर निघून गेलेली उपकरणं जागा अडवून बसतील. मिक्रोटिकमध्ये `mac-cookie` ची सोय आहे, ती लावली की झोपून उठलेला फोन पासवर्ड न विचारता आत येतो. मुळातली मुदत ३ दिवस असते, ती ठीक आहे. पाच मिनिटांचं काम आहे, नवं सामान काही लागत नाही.

मंदार_सातारा · शनिवार, दुपारी १:१०

दोनच उपकरणं असतील तर लॅपटॉपवर विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट चालू करून फोन त्यावर घ्यायचा. राउटरला एकच उपकरण दिसतं. मी असंच करायचो.

कोथरूडचा_घरमालक · शनिवार, दुपारी १:४५

हे मला पटत नाही. मग मर्यादेला अर्थ काय? तीन लागत असतील तर येऊन सांगा, मी करून देईन.

मंदार_सातारा · शनिवार, दुपारी २:००

सगळे मालक तुमच्यासारखे नसतात, साहेब. स्वतःचाच फोन स्वतःच्या लॅपटॉपवर घेण्यात मला चूक दिसत नाही.

रेवा_कर्वेनगर · पुढचा गुरुवार, रात्री ११:५०

मालकांना माझं वेळांचं टिपण दाखवलं. “स्लो आहे” म्हटलं की ते स्पीड टेस्ट काढायचे, पण “७:१० ला आत, ८:१० ला बाहेर” हे त्यांनी शांतपणे वाचलं आणि समोरच नेटवाल्याला फोन लावला. आता मुदत १२ तास झाली आहे. उपकरणं दोनच ठेवली, तीन नको म्हणाले. रूममेटला तिचं स्वतःचं लॉगिन मिळालं. सोमवारपासून एकदाही `302` आलं नाही आणि मंगळवारी पूर्ण दोन तासांची चाचणी एका बैठकीत दिली!

पण रात्री दहा ते साडेअकरा अजूनही मंद असतंच. आत्ताच बघितलं. `204` येतं, पण यायला तीन-चार सेकंद लागतात. पूर्वी मला ही दोन्ही दुखणी एकच वाटायची.

तारजोड · शुक्रवार, सकाळी ८:१५

छान झालं. आता रात्रीचं खरं मंदपण आहे, लॉगिनचं नाही. अजून एकच मोजणी कर. त्याच वेळी `ping 10.5.50.1` टाक. हा तुमच्याच इमारतीतला राउटर, त्याचं उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवं. ते चटकन येत असेल आणि बाहेरचं उशिरा, तर लाइन भरते आहे. राउटरपर्यंतच उशीर असेल तर खोली ते राउटर हा हवेतला रस्ता भरलाय.

रेवा_कर्वेनगर · शुक्रवार, रात्री १०:४०

खोलीत बसून: 140, 212, 96, एकदा `Request timed out`, 180. लॅपटॉप घेऊन जिन्यातल्या डब्याखाली उभी राहिले: 3, 4, 3, 6.

मंदार_सातारा · शुक्रवार, रात्री १०:५५

म्हणजे हवेतली गर्दी! मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

तारजोड · शुक्रवार, रात्री ११:२०

रात्रीपुरतं मंदारचं बरोबर आहे. रेवा, लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं दिसतं का बघ. पण जिना ते तुझी खोली यात किती भिंती आहेत? ५ गिगाहर्ट्झ भिंतीत लवकर मरतं. दोन-तीन पक्क्या भिंती असतील तर तुमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये केबल ओढून एक वेगळा ॲक्सेस पॉइंट लावावा लागेल, आणि तो खर्च मालकांचा आहे.

रेवा_कर्वेनगर · शनिवार, सकाळी ९:१०

तीन भिंती, आणि मधे लिफ्ट. ५ वालं नाव दिसतं पण जोडल्यावर एकच कांडी राहते. मालकांना जिन्यातले आणि खोलीतले आकडे पाठवलेत. “महिनाअखेरीस बघू” म्हणाले आहेत.